न सांगता केलेलं रेकॉर्डिंग बाद होतं का?

"साहेबांना न विचारता मीटिंग रेकॉर्ड केली, तर ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही."

भारतात तसं नाही. तुम्ही स्वतः त्या मीटिंगमध्ये असाल, तर केवळ परवानगी नव्हती म्हणून रेकॉर्डिंग बाद होत नाही. पाहिलं जातं ते हे: वादाशी संबंध आहे का, आवाज ओळखता येतो का, काटछाट झालीय का. म्हणून मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. प्रत सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे, पाहून घ्या.

ईमेलचं मात्र जपून. स्वतःला आलेली नोटीस जपणं वेगळं, अख्खा मेलबॉक्स खासगी जीमेलवर ढकलणं वेगळं. पुरावा टिकेलही, पण गोपनीयतेच्या अटीवरून कंपनी कारवाई करू शकते. ती अट बहुधा नेमणूकपत्रातच असते.