कुंडी तडकते ती सिमेंट कमी पडल्यामुळे?

"घरी ओतलेली कुंडी दरवेळी तडकते. सिमेंट अजून वाढवू का?"

नको. वाळताना आटतो तो सिमेंट-पाण्याचा लगदा, आणि वाळूचे कण त्याला आवरून धरतात. मे महिन्यात दादरच्या गच्चीवर मी सिमेंट-वाळू एकास एक घेऊन कुंडी ओतली आणि दुसऱ्याच दिवशी उन्हात उघडी ठेवली. चौथ्या दिवशी काठावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या. आता मी 5 किलो पीपीसी सिमेंटला 15 किलो धुतलेली वाळू आणि साधारण सव्वादोन लिटर पाणी घेते. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल मुठीत दाबला की गोळा धरतो, पण बोटांतून पाणी गळत नाही. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातल्या मिठाने कुंडीत आत घातलेली लोखंडी जाळी गंजून फुगते आणि कुंडी फोडते.

साचा काढल्यावर किमान 10 दिवस ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. मग आठवडाभर पाण्यात बुडवा आणि पाणी रोज बदला, म्हणजे सुटा चुना निघून जातो. तो मातीत उतरला की मोगऱ्याची पानं पिवळी पडतात. वॉटरप्रूफिंगचा हात कुंडी पूर्ण वाळल्यावरच आतून द्यावा, ओल्यावर दिलेला थर फुगून सुटतो.