कूपन साइटचा रिपोर्ट वाचताना

(आमच्या ऑनलाइन दुकानदार ग्राहकांसाठी)

महिन्याच्या सुरुवातीला अफिलिएट नेटवर्कचा रिपोर्ट आला की आम्हाला दादरच्या ऑफिसात हमखास फोन येतो. "अहो, ती कूपनवाली साइट सगळ्यात जास्त विक्री देतेय. तिचं कमिशन वाढवूया का?" त्यावर आमचं उत्तर असतं, जरा थांबा. तसं का म्हणतो, ते इथे एका ऑर्डरवरून सांगतो. उदाहरण आम्हीच रचलंय आणि हिशोब डोक्यात बसावा म्हणून आकडे सोपे घेतलेत.

गिरगावातलं एक साड्यांचं दुकान आहे, त्याची स्वतःची वेबसाइट आहे. ठाण्याच्या एका बाईंनी सोमवारी एका साडी-ब्लॉगवर तिथली नारायणपेठ पाहिली आणि ब्लॉगच्या लिंकवरून त्या दुकानाच्या साइटवर आल्या. दोन दिवस विचार केला, बहिणीला फोटो पाठवला. शुक्रवारी घरी परतताना लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तेव्हा रात्री 8:41 ला त्यांनी 2,400 रुपयांची साडी कार्टमध्ये टाकली. पैसे भरायच्या पानावर एक रिकामी चौकट दिसली, "कूपन कोड टाका". आता रिकामी चौकट बघून कोणाला वाटणार नाही की बाकीच्यांना स्वस्तात मिळतंय आणि आपणच पूर्ण पैसे मोजतोय? बाईंनी दुसऱ्या टॅबमध्ये दुकानाचं नाव आणि पुढे "कूपन" असं टाकून शोधलं. पहिल्याच साइटवर "कोड दाखवा" असं बटण होतं. ते दाबताच कोड दिसला आणि त्याच वेळी मागच्या बाजूला दुकानाची साइट अफिलिएट लिंकवरून पुन्हा उघडली. ही वेळ 8:44. आधीच्या ब्लॉगच्या नोंदीवर कूपन साइटची नोंद चढली. 8:46 ला पैसे भरून झाले.

नेटवर्कचा नियम साधा असतो: ऑर्डरच्या आधी शेवटचं क्लिक ज्याचं, कमिशन त्याचं. त्यामुळे पाच दिवसांची मेहनत ब्लॉगची आणि श्रेय दोन मिनिटांपूर्वी मध्ये आलेल्याचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. कोड जुना निघाला असता, चालला नसता, तरी "कोड दाखवा" दाबल्यावर नोंद झालेलीच होती. अशा साइटवर मुदत संपलेले कोड का पडून असतात, हे यावरून कळेल.

दुकानदाराला ही ऑर्डर कितीला पडली? 10 टक्के सूट म्हणजे 240 रुपये गेले. उरलेल्या 2,160 वर 8 टक्के कमिशन, 172 रुपये 80 पैसे. मिळून जवळजवळ 413 रुपये, नेटवर्कची फी वेगळी. आणि साडी तर आधीच कार्टमध्ये होती.

तुमच्याकडे असं किती होतंय ते बघायला पहिली गोष्ट म्हणजे वेळा जुळवणं. नेटवर्कच्या रिपोर्टमधून प्रत्येक ऑर्डरच्या क्लिकची वेळ घ्या आणि तुमच्या बाजूने वस्तू कार्टमध्ये पडल्याची वेळ घ्या. GA4 मध्ये त्या घटनेचं नाव `add_to_cart` आहे, पण नेहमीच्या रिपोर्टमध्ये ती ऑर्डरनिहाय दिसत नाही. त्यासाठी गुगलच्या BigQuery या डेटाबेसला एक्सपोर्ट आधीपासून चालू असावा लागतो, नाहीतर दुकानाच्या सॉफ्टवेअरची स्वतःची नोंद काढावी लागते. क्लिक कार्टच्या नंतरचं असेल, तर त्या साइटने गिऱ्हाईक आणलं नाही, दारात गाठलं.

इथे एक खड्डा आहे, आम्ही स्वतः त्यात पडलोय. बऱ्याच नेटवर्कच्या वेळा भारतीय नसतात, UTC असतात. वरच्या ऑर्डरचं 8:44 चं क्लिक तिथे दुपारी 3:14 असं दिसेल. साडेपाच तास मिळवले नाहीत तर वाटेल, बाई दुपारीच कूपन साइटवरून आल्या आणि रात्री साडी घेतली. सगळा निष्कर्ष उलटा.

पण वेळा जुळवून पूर्ण उत्तर मिळत नाही. कार्टपर्यंत येऊन बिचकलेलं गिऱ्हाईक कधी कधी त्या सवलतीमुळेच पैसे भरतं, ते श्रेय नाकारता येत नाही. म्हणून दुसरी गोष्ट: कूपन साइट काही आठवडे बंद ठेवून बघणं. आम्ही आठ आठवडे धरतो. पहिले चार चालू-बंद-चालू-बंद आणि पुढचे चार उलट, म्हणजे पगाराचा आठवडा एकदा चालूत येतो, एकदा बंदमध्ये. गणपती-दिवाळीच्या आसपास हे करू नका. बंदच्या आठवड्यात नेटवर्कवरची भागीदारी थांबवा आणि तो कोडही दुकानात बंद करा. नाहीतर साइटवर कोड तसाच राहतो आणि लोक वापरत बसतात. भागीदाराला आधी कळवा, करारात मुदत असते.

मग नेटवर्कचा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि दुकानाच्या एकूण ऑर्डर मोजा. समजा चालू आठवड्यात सरासरी 250 ऑर्डर झाल्या, त्यातल्या 75 कूपन साइटच्या नावावर. बंद आठवड्यात सरासरी 238. म्हणजे 75 गेल्या नाहीत, 12 गेल्या. सगळ्या ऑर्डर आपल्या साडीएवढ्याच धरल्या तर 75 ऑर्डरची सूट आणि कमिशन मिळून 30,960 रुपये होतात. ते 12 ने भागा: एका जास्तीच्या ऑर्डरमागे 2,580. साडीच 2,400 ची!

हा 12 आकडा मात्र भिंतीवर लिहून ठेवू नका. आठवड्याला अडीचशे ऑर्डर असणाऱ्या दुकानात पंधरा-सोळा इकडे-तिकडे आपोआप होतात. आठ आठवड्यांनंतरही खरा फरक शून्य असू शकतो किंवा तीस-पस्तीस. एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं की तो 75 च्या जवळपास नाही, आणि कमिशन ठरवायला तेवढं बऱ्याचदा पुरतं. आठवड्याला वीस-तीसच ऑर्डर असतील तर ही चाचणी करू नका, नुसता वेळ जाईल. वेळा जुळवण्यावरच भागवा.

असं चित्र दिसलं म्हणून आम्ही लगेच कूपन साइट तोडायला सांगत नाही. काहींचे स्वतःचे वाचक असतात, त्यांच्या मेलमधून खरंच नवी माणसं येतात. करारात एवढं घालून घ्या: कार्ट भरल्यानंतरच्या क्लिकला कमिशन नाही, तुम्ही न दिलेल्या कोडवर कमिशन नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर कमी कमिशन. नेटवर्कला हे नियम लावता येतात का ते आधी विचारा, सगळ्यांना येत नाहीत. ब्राउझरच्या कूपन एक्स्टेंशनचा प्रश्न याच जातीचा आहे. गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष फायदा होत नसताना अफिलिएट लिंक घुसवायची नाही, असा नियम गुगलने मार्च 2025 मध्ये क्रोमच्या एक्स्टेंशनना घातला. तरी वेळा तुम्हीच तपासलेल्या बऱ्या.

आणि ती रिकामी चौकट. तिच्या जागी बारीक अक्षरात "कूपन आहे?" एवढीच लिंक ठेवा, दाबली तरच चौकट उघडेल. शिवाय स्वतःच्या साइटवर "ऑफर" नावाचं पान करा आणि दुकानाच्या नावासोबत "कूपन" हा शब्द त्यात येऊ द्या. सध्या कोड नसेल तर तसं स्पष्ट लिहा. ठाण्याच्या बाईंनी शोधलं तर त्या तुमच्याच पानावर येतील अशी बरीच शक्यता आहे, आणि सूट द्यायचीच असेल तर 240 रुपयांत भागेल.

वेळा जुळवायला मागच्या तीन महिन्यांचा नेटवर्क रिपोर्ट ऑर्डर नंबरसकट पाठवा. गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, पत्ते काढून टाका, आम्हाला ते लागत नाहीत.