निर्धारण आदेशाविरुद्ध पहिले अपील (आयकर)

आयकर अधिकाऱ्याने ठरवलेले उत्पन्न, कराची रक्कम किंवा करदात्याचा दर्जा मान्य नसल्यास करदात्याने सहआयुक्त (अपील) किंवा आयुक्त (अपील) यांच्यापुढे मागावयाची दाद. येथील कलमे आयकर अधिनियम, १९६१ मधील आहेत.

कलम २४९ प्रमाणे मुदत ३० दिवसांची आहे. ती आदेशावरील तारखेपासून मोजली जात नाही, तर मागणीची नोटीस करदात्याला बजावली गेली त्या तारखेपासून मोजली जाते, आणि कलम २६८ प्रमाणे बजावणीचा दिवस वगळला जातो. समजा, आदेश १८ मार्चचा आहे आणि तो मागणीच्या नोटिशीसह २० मार्चला मिळाला, तर २१ मार्च हा पहिला दिवस आणि १९ एप्रिल हा शेवटचा. आदेश केवळ संकेतस्थळावरील खात्यात ठेवला गेला आणि करदात्याने तो उशिरा पाहिला, तर बजावणी कधी झाली याविषयी वाद उद्भवतो. प्रत्यक्ष माहिती झाल्याचा दिवस धरावा, असा युक्तिवाद केला जातो. तथापि खात्यातील तारीखच धरून चालणे आणि उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडणे अधिक सुरक्षित होय. पुरेसे कारण दाखवल्यास कलम २४९(३) खाली उशीर माफ होऊ शकतो. अर्जात आजारपण किंवा सल्लागाराची चूक असे मोघम लिहून भागत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवसापासून दाखल करण्याच्या दिवसापर्यंतचा काळ तारखांनिशी समजावून द्यावा लागतो.

शुल्क अधिकाऱ्याने ठरवलेल्या उत्पन्नावर अवलंबून असते, विवरणपत्रातील उत्पन्नावर नव्हे: १ लाख रुपयांपर्यंत २५० रुपये, २ लाखांपर्यंत ५०० आणि त्यापुढे १,०००. वरील उदाहरणात विवरणपत्रात ५,४०,००० रुपये दाखवले होते आणि बँकेतील रोख भरणा अस्पष्टीकृत मानून ४,००,००० रुपयांची भर घातली गेली असेल, तर शुल्क १,००० रुपये होते. शुल्क भरले तरी विवरणपत्रातील उत्पन्नावरील कर थकलेला असल्यास कलम २४९(४) मुळे अपील दाखलच करून घेतले जात नाही. अपील दाखल झाल्याने वसुली आपोआप थांबत नाही. तहकुबीसाठी निर्धारण अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

अपील नमुना ३५ मध्ये, सामान्यतः ऑनलाइन, दाखल होते. सोबत आदेश, मागणीची नोटीस, शुल्काचे चलन, वस्तुस्थितीचे निवेदन व अपिलाची कारणे असतात. प्रत्येक वाढीसाठी स्वतंत्र कारण लिहावे. ‘आदेश बेकायदेशीर आहे’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ‘४,००,००० रुपयांचा भरणा आधी काढलेल्या रकमेतून झाला असून बँकेच्या उताऱ्यातील त्या नोंदी विचारात घेतल्या नाहीत’ असे लिहिल्यास वादाचा मुद्दा निश्चित होतो. हा उतारा निर्धारणाच्या वेळी दिलेला नसेल, तर तो नियम ४६अ खालील अतिरिक्त पुरावा ठरतो. तेव्हा तो का देता आला नाही, उदाहरणार्थ पुरेशी संधी मिळाली नाही, हे दाखवावे लागते, आणि निर्धारण अधिकाऱ्याला त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय तो विचारात घेता येत नाही.