फोटोवरून अस्सल घड्याळ 'नकली' ठरलं, तर अपील कसं करावं

विक्रीच्या साइटने फोटो पाहून तुमचं अस्सल घड्याळ नकली ठरवलं आणि लिस्टिंग काढून टाकलं, तर रागाच्या भरात ते दुसऱ्या खात्यावरून पुन्हा टाकू नका. त्यामुळे खातंच बंद होऊ शकतं, आणि मग घड्याळ खरं की खोटं हा प्रश्न कुणी विचारतही नाही.

अपील खातेदारानेच करायचं असतं आणि फॉर्म सोपा असतो. मुदत मात्र नोटीस पाठवल्या दिवसापासून मोजली जाऊ शकते, तुम्ही मेल उघडल्या दिवसापासून नाही. आधी लेखी विचारा: कोणत्या फोटोतल्या कोणत्या भागावर आक्षेप आहे? हे कळल्याशिवाय कागद जोडत बसणं व्यर्थ.

बरीच अपिलं अडतात ती बिलावर. बिल आहे, पण त्यावर नुसतं 'मनगटी घड्याळ, नग १' लिहिलेलं. ते याच घड्याळाचं कशावरून? बिलावर सिरीयल नंबर हवा. नसेल तर ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याकडून मॉडेल, सिरीयल नंबर आणि मूळ बिलाचा क्रमांक लिहिलेलं सहीचं पत्र घ्या. जुन्या बिलावर स्वतः नंबर लिहू नका. खरा कागदही तिथेच खोटा ठरतो. बिल भावाच्या नावावर आणि खातं तुमच्या नावावर असेल, तर त्याचा खुलासाही आधीच जोडा.

एका दुकानदाराचं प्रकरण मी जवळून पाहिलं. आक्षेप दोन होते: डायलवरची अक्षरं वाकडी आहेत आणि काटे या मॉडेलचे नाहीत. अक्षरं वाकडी दिसत होती, कारण मोबाइल डायलला जवळजवळ टेकवून फोटो काढला होता. इतक्या जवळून कडेची अक्षरं ताणली जातात. मोबाइल हातभर लांब धरून, झूम करून, खिडकीच्या उजेडात काढलेल्या फोटोत तीच अक्षरं सरळ आली. काटे मात्र खरोखरच बदललेले होते, सर्व्हिसिंगमध्ये, कंपनीचेच. सर्व्हिसिंगच्या बिलावर सिरीयल नंबर आणि 'काटे बदलले' अशी नोंद होती. त्याने पहिल्या अपिलात ते बिल जोडलंच नव्हतं, कारण ते कुणी मागितलं नव्हतं! साइटनेही मागितलेल्या कागदांच्या यादीत ते लिहायला हवं होतं.

फोटोवरच्या मताला दुसऱ्याचं फोटोवरचंच मत जोडून उपयोग होत नाही. घड्याळ हातात घेऊन, मागचं झाकण उघडून पाहणाऱ्या कारागिराचा अहवाल घ्या. त्यात केसवरचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावरचा सिरीयल नंबर, आतल्या यंत्राचा प्रकार सांगणारा कॅलिबर क्रमांक, दोन्हींचे फोटो, तारीख आणि सही हवी. लिस्टिंगच्या फोटोत सिरीयल नंबर दिसत नसेल, तर अहवाल याच घड्याळाचा आहे हे दाखवायला केसवरचा एखादा ओरखडा दोन्हीकडच्या फोटोंत दाखवा. म्हणून निकाल लागेपर्यंत पॉलिश करू नका.

घड्याळ आधीच विकून गिऱ्हाइकाकडे गेलं असेल आणि ते परत येणार असेल, तर आलेलं पार्सल बंद असल्यापासून सलग व्हिडिओ काढत उघडा आणि पहिल्यांदा सिरीयल नंबर जुळवा.