खोक्याच्या शीटचे माप: सूत्रातला एकेक मिलिमीटर कुठून आला

पुठ्ठ्याच्या खोक्याला किती शीट लागेल, याचे सूत्र पॅकिंगच्या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. लांबी अधिक रुंदी, त्याची दुप्पट, त्यात जोडपट्टी मिळवायची, की शीटची लांबी आली. रुंदी अधिक उंची केली, थोडी वाढ धरली, की शीटची रुंदी आली. सूत्र एका ओळीत मावते, पण त्याचे तुकडे एकाच वेळी तयार झालेले नाहीत. घडी, फ्लॅप, जोड आणि जाडीची वाढ या चारही गोष्टींना वेगवेगळा इतिहास आहे. तो माहीत असला की नेमके कुठे किती मिलिमीटर धरायचे आणि का, हे पाठ करावे लागत नाही.

नालीदार कागदाचे पहिले पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांनी घेतले. त्याचा खोक्यांशी काही संबंध नव्हता. उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी तो कागद होता. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला तो वापरला. तेव्हा नाल्या उघड्याच असत आणि दाब पडला की पसरत. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी नाल्यांना सपाट कागद चिकटवून त्या जागच्या जागी धरून ठेवल्या. पुढे दोन्ही बाजूंनी कागद लागला आणि आजची तीन प्लायची शीट तयार झाली. ती ताठ होती, पण ताठपणाबरोबर एक अडचण आली: अशी शीट हवी तिथे सरळ रेषेत दुमडत नाही. आधी रेघेवर दाबून क्रीज पाडावी लागते.

क्रीज आणि काप एकाच ठोक्यात पाडण्याची कल्पना ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर यांची. १८७९ च्या सुमारास त्यांच्या छापखान्यात बियाण्यांच्या कागदी पिशव्या छापताना यंत्रातली एक धातूची पट्टी वर सरकली आणि पिशव्या छापल्या जाण्याबरोबर कापल्याही गेल्या. नुकसान झाले, पण काही पट्ट्या उंच बसवल्या तर कापतील आणि काही बुटक्या बसवल्या तर नुसती घडी पाडतील, हे गेअर यांच्या लक्षात आले. सुरुवात साध्या पातळ पुठ्ठ्याच्या डब्यांपासून झाली, नालीदार खोके नंतर आले. तरी ‘दोनदा लांबी अधिक रुंदी’चा पाया इथेच घातला गेला, असे माझे मत आहे. लाकडी पेटी म्हणजे सहा सुटे तुकडे जोडण्याचे काम होते. इथे चारही भिंती एकाच पट्टीत आल्या आणि ती पट्टी गुंडाळून एका ठिकाणी जोडली की झाले.

फ्लॅपचा हिशोब याच विचारातून येतो. नेहमीच्या खोक्यात, म्हणजे युरोपातल्या फेफ्को संघटनेच्या खोके-संहितेत ज्याचा क्रमांक ०२०१ आहे त्यात, बाहेरचे दोन फ्लॅप रुंदीच्या बरोबर मध्यावर भेटतात. म्हणून प्रत्येक फ्लॅप रुंदीच्या निम्मा. वरचा निम्मा आणि खालचा निम्मा मिळून एक पूर्ण रुंदी होते, आणि शीटची रुंदी ‘रुंदी अधिक उंची’ इतकी येते. आतले फ्लॅपही तेवढेच उंच ठेवतात, ते मध्यावर भेटत नसले तरी. कारण सरळ आहे: सगळे फ्लॅप सारखे असले की शीट साधा आयत राहते आणि स्लॉटच्या, म्हणजे दोन फ्लॅपमधून कापून काढलेल्या, बारीक पट्ट्यांखेरीज काही वाया जात नाही. याच संहितेने मापांचा क्रमही पक्का केला आहे. माप आतले, मिलिमीटरमध्ये. आधी उघड्या तोंडाची लांब बाजू, मग आखूड बाजू, शेवटी उंची. ऑर्डर घेताना हा क्रम विचारून घ्यावाच, कारण तो उलटला की शीटचे माप बदलते. ते पुढे उदाहरणात दिसेल.

जोडपट्टीचा इतिहास कारखान्यापेक्षा रेल्वेत जास्त घडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत माल मुख्यतः लाकडी पेट्यांतून जाई आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतल्या मालाला रेल्वे कंपन्या जादा भाडे लावत. १९१४ मध्ये ‘प्रिडम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात तिथल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने हा भेदभाव चुकीचा ठरवला. रेल्वेच्या वर्गीकरणातला ‘नियम ४१’ त्यानंतर खोकेवाल्यांसाठी मोठा दंडक बनला. पुठ्ठ्याची ताकद किती हवी, आत किती वजन चालेल, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज कितीपर्यंत असावी आणि जोड कसा असावा, हे त्यात ठरलेले असे. खोक्याच्या तळाच्या फ्लॅपवर छापला जाणारा गोल शिक्का तिथूनच आला.

जोड तीन प्रकारे होई. दोन कडा समोरासमोर आणून वरून पट्टी चिकटवली तर जोडपट्टी लागतच नाही, वाढ शून्य. तारेच्या पिना मारायच्या किंवा गोंद लावायचा तर एक कड दुसऱ्यावर चढवावी लागते, आणि ही चढ सूत्रात मिळवावी लागते. तीन प्लायला साधारण ३० ते ४० मिलिमीटर, पाच प्लायला त्याहून थोडी जास्त धरतात. ती कमी ठेवून शीट वाचवण्यात अर्थ नाही. पिना कडेच्या फार जवळ आल्या की भरलेला खोका उचलताना कागद तिथून फाटतो, आणि अरुंद पट्टीवर गोंदाला धरायला पुरेशी जागा मिळत नाही.

उरली जाडी. फ्लूट म्हणजे नालीचा प्रकार. त्याची ए, बी, सी ही अक्षरे उंचीनुसार नाहीत, ते फ्लूट ज्या क्रमाने आले त्यानुसार आहेत. ए सर्वांत उंच, बी बुटका आणि सी नंतर येऊन दोघांच्या मध्ये बसला. सी फ्लूटची तीन प्लाय शीट साधारण ४ मिलिमीटर जाड असते. शीट दुमडली की घडीच्या आत काही जाडी खाल्ली जाते, म्हणून दोन क्रीजमधले अंतर आतल्या मापापेक्षा जास्त ठेवावे लागते. पातळ पुठ्ठ्याच्या डब्यात हे नजरेत भरत नाही. नालीदार शीटमध्ये तेवढ्यानेच खोका बसतो किंवा बिघडतो.

आता उदाहरण घेऊ. आतले माप ४०० × ३०० × २५० मिलिमीटर, तीन प्लाय, सी फ्लूट, जाडी ४, जोडपट्टी ३५.

दोन क्रीजमधल्या प्रत्येक भिंतीला एक जाडी मिळवायची. पहिली लांब भिंत ४०४, मग आखूड ३०४, मग पुन्हा ४०४. चौथ्या भिंतीला एकाच बाजूला घडी आहे, दुसरी कड नुसती जोडपट्टीवर टेकते. म्हणून तिला अर्धीच जाडी, म्हणजे ३०२. बेरीज १४१४, त्यात ३५ मिळवले की शीटची लांबी १४४९.

उंचीला दोन जाड्या मिळवतात, कारण वर आणि खाली दोन्हीकडे बाहेरचे फ्लॅप आतल्या फ्लॅपच्या अंगावरून घडतात. म्हणजे २५८. फ्लॅप ३०४ च्या निम्मा, १५२. दोन फ्लॅप आणि उंची मिळून शीटची रुंदी ५६२. आतल्या दोन फ्लॅपमध्ये ४०४ वजा ३०४, म्हणजे १०० मिलिमीटरची फट राहील. ती चूक नाही, या रचनेत ती असतेच.

१४४९ × ५६२ म्हणजे सुमारे ०.८१४ चौरस मीटर. वाढ न धरता नुसता १४०० × ५५० चा हिशोब केला असता तर ०.७७० आले असते. फरक पाच-सहा टक्क्यांचा आहे, आणि भाव सांगताना तो विसरला तर खिशातून जातो.

नाल्या खोक्यात उभ्या हव्यात, कारण रचलेल्या खोक्यांचा भार त्याच पेलतात. यंत्रावर नाल्या रिळाच्या आडव्या दिशेने पडतात, म्हणून ५६२ हे माप डेकलवर, म्हणजे रिळाच्या रुंदीत, येते आणि १४४९ रिळाच्या लांबीत. दोन शीट शेजारी शेजारी घेतल्या तर ११२४ झाले. दोन्ही कडांचे ट्रिमिंग मिळून २५ धरले की ११५० चे रीळ बेताने पुरते.

आता तोच माल आडवा करून पाहा. तोंड ४०० × २५० आणि उंची ३००. भिंती ४०४, २५४, ४०४, २५२ आणि जोडपट्टी ३५, म्हणजे लांबी १३४९. रुंदी २५४ अधिक ३०८, पुन्हा ५६२. रीळ तेच, माल तोच आणि शीट १०० मिलिमीटरने आखूड. दर हजार खोक्यांमागे सुमारे ५६ चौरस मीटर वाचले. शीटचे क्षेत्रफळ साधारण दोनदा (लांबी + रुंदी) गुणिले (रुंदी + उंची) असते. त्यात रुंदी दोन्हीकडे येते, म्हणून ती सर्वांत महाग पडते. ठरावीक घनफळाला सर्वांत कमी शीट लांबी, रुंदी, उंची २ : १ : २ असताना लागते. अर्थात उभाच ठेवावा लागणारा किंवा वरूनच भरावा लागणारा माल असेल तर ही मोकळीक नाही. तळ लहान झाल्याने पॅलेटवरची रचनाही पुन्हा मांडावी लागते.

माप चुकले की खोकाच सांगतो. बाहेरचे फ्लॅप एकमेकांवर चढले तर फ्लॅप मोठा आहे किंवा क्रीज सरकली आहे. मध्ये फट राहिली तर उलट. फ्लॅप बरोबर आणि तरीही झाकण फुगलेले असेल, तर उंचीला एकच जाडी धरलेली असण्याची शक्यता मोठी. जोडाच्या कोपऱ्यात स्लॉट वर रुंद आणि खाली अरुंद दिसला तर शीटचे माप तपासत बसू नये. ती चिकटवताना तिरकी दुमडली गेली आहे. आतले माप मोजताना टेप कोपऱ्यात दाबून मोजू नये, कारण जोडपट्टी आत असेल तर त्या कोपऱ्यात एक जाडी कमी भरते. खोका उलगडून क्रीजपासून क्रीजपर्यंत मोजावे आणि त्यातून जाडी वजा करावी, लांबी-रुंदीतून एक आणि उंचीतून दोन. ती जाडीही प्रत्यक्ष मोजलेली घ्यावी, कारण छपाईच्या आणि क्रीजच्या दाबाने ४ ची शीट बहुतेक वेळा ४ राहिलेली नसते.