गिऱ्हाइकाला दिवाळीची मिठाई: भेट कुठे संपते, लाच कुठे सुरू होते

दसरा झाला की भोसरी, अंबड, वाळूज, कुपवाड अशा औद्योगिक वसाहतींत छोट्या कारखानदारांच्या टेबलावर एक यादी येते. गिऱ्हाइकांची नावं, पुढे पुड्यांचा आकडा आणि मोजक्या नावांपुढे खूण. बाकीच्यांना अर्धा किलो मिठाई किंवा चिवडा-बाकरवडीचा बॉक्स. खूण असलेल्यांना मिठाईसोबत चांदीचं नाणं, नाहीतर व्हाउचर. दोन्ही वस्तू एकाच दुकानातून येतात, एकाच पिशवीतून जातात आणि दोन्हींवर ‘शुभ दीपावली’ असंच छापलेलं असतं. तरीही त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फरक रकमेत आहे, असा सर्रास समज आहे. हजाराच्या आतलं चालतं, वरचं नाही, अशी हातची मोजपट्टी प्रत्येकाकडे असते. मला ती चुकीची वाटते. पाचशे रुपयांचा पुडा लाच ठरू शकतो आणि पाच हजारांची भेट निव्वळ सौजन्य असू शकते. विचारायचा प्रश्न हा की, भेट घेणारा माणूस निर्णय कोणाच्या पैशांवर घेतो? स्वतःच्या की दुसऱ्याच्या?

समजा, भोसरीत सीएनसी मशीनवर जॉबवर्क करणारा एक कारखाना आहे. त्याची तीन गिऱ्हाइकं आहेत: एक हार्डवेअरचा व्यापारी, एक मोठी पंप बनवणारी खाजगी कंपनी आणि एक सरकारी कंपनी. कारखानदार तिन्हीकडे तीच वस्तू पाठवायचं ठरवतो, एक किलो काजूकतली आणि अडीच हजारांचं चांदीचं नाणं.

व्यापाऱ्याचं प्रकरण सोपं आहे. दुकान त्याचं, गल्ला त्याचा. नाण्यामुळे खूश होऊन त्याने ऑर्डर वाढवली आणि माल महाग पडला, तर तोटा त्याच्याच खिशाला लागतो. त्याच्यावर विश्वास टाकून बसलेला तिसरा कोणी इथे नाही. हे नाणं म्हणजे फार तर वेगळ्या रूपात दिलेली सूट. मालकाने मालकाला दिलेल्या भेटीबद्दल उगाच अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

पंप कंपनीत गोष्ट बदलते, आणि बहुतेक लोक घसरतात ते इथेच. ‘कंपनीला दिवाळी पाठवली’ असं आपण म्हणतो, पण कंपनी काही मिठाई खात नाही. पुडा जातो परचेसच्या साहेबांकडे, कारण दर ते ठरवतात. जातो इनकमिंग इन्स्पेक्शनच्या माणसाकडे, कारण लॉट पास करायचा की परत पाठवायचा हे त्याच्या हातात असतं. आणि जातो अकाउंट्सच्या त्या एका व्यक्तीकडे, जिच्या टेबलावरून बिल पुढे सरकतं. तिघेही पगारी आहेत. कंपनीने त्यांना आपल्या वतीने निवड करायला बसवलेलं आहे.

पाचशे बुशांचा लॉट गेला आणि तपासणीत तीस नगांचं बोअर, म्हणजे आतलं भोक, किंचित मोठं निघालं, असं धरा. नियमाने लॉट परत यायला हवा. पण तपासणाऱ्याला थोडी मोकळीक असते: पुन्हा गेज लावून बघता येतं, नमुना वेगळ्या पेटीतून घेता येतो, मापात फरक असला तरी चालेल असा डेव्हिएशनचा कागद भरून माल उचलता येतो. गेल्याच आठवड्यात त्याच्या घरी नाणं पोहोचलेलं आहे. तो भ्रष्ट माणूस असेलच असं नाही. त्याने कसला शब्दही दिलेला नाही. पण गेजची सुई सीमारेषेवर थरथरत असताना शंकेचा फायदा कोणाला द्यायचा, हे त्या नाण्याने आधीच थोडंसं ठरवलेलं असतं. चार महिन्यांनी कुठल्यातरी शेतावर पंप गळू लागला, की त्या थोडंसंची किंमत शेतकरी मोजतो. आणि पलीकडच्या गल्लीतला, माल चोख देणारा पण नाणं न पाठवणारा कारखानदार ऑर्डरला मुकतो.

म्हणजे पंप कंपनीत कोणाला काही द्यायचंच नाही का? जरूर द्यावं. वर्षभर ज्यांच्याशी रोज फोनवर बोललो, त्यांना सणाला गोड पाठवावंसं वाटणं ही चांगलीच भावना आहे. मात्र कंपनीच्या नावाने, कंपनीच्या पत्त्यावर, दिवसाउजेडी, सगळ्या विभागाने मिळून खावं असं. दोन किलोंचा पुडा परचेसच्या टेबलावर उघडला, त्यातली कतली शिपाई, स्टोअरकीपर, गेटवरचा सुरक्षारक्षक यांच्यापर्यंत गेली आणि दुपारपर्यंत संपली, तर त्या पुड्याने कोणालाही बांधून घेतलेलं नाही. नाणं संपत नाही. ते घरी जातं, कपाटात राहतं, सराफाकडे मोडता येतं. म्हणूनच रोख रक्कम, सोनं-चांदी आणि व्हाउचर अनेक कंपन्यांच्या आचारसंहितेत थेट बंद असतात, मग किंमत कितीही कमी असो.

‘साहेब, घरचा पत्ता देता का?’ हा प्रश्न विचारला जातो तेव्हा मामला बहुतेक पलीकडे गेलेला असतो. दुसरी खूण खुर्ची बदलते तेव्हा दिसते. परचेसच्या साहेबांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, आणि पुढच्या दिवाळीत त्यांचं नाव यादीतून गळून नव्या साहेबांचं नाव त्याच नाण्यासह आलं, तर स्नेह माणसाशी नव्हता. कंपनीशीही नव्हता. तो सहीशी होता. आणि तिसरी खूण मला सगळ्यांत खात्रीची वाटते: यंदा नाही पाठवलं तर लॉट अडकेल, बिल लांबेल, अशी धास्ती मनात आहे का? जे बंद करायची भीती वाटते, ते देणं राहत नाही, हप्ता होतो. अशी सवय लागलेली असेल तर ती लावण्यात देणाऱ्याचाही हात असतो. पहिल्या वर्षी हौसेने दिलेलं तिसऱ्या वर्षी येणं मानलं जातं.

वेळही बघावी लागते. दर वाढवून मिळण्याचा अर्ज टेबलावर पडलेला असताना किंवा नवीन कामाची कोटेशनं उघडायची असताना भेट पाठवली, तर मध्ये दिवाळी आली म्हणून ती शुद्ध होत नाही. अशा वर्षी मिठाई पाठवायची असेल तर निर्णय होऊन गेल्यावर, तुळशीच्या लग्नाला पाठवावी.

आता तिसरं गिऱ्हाईक, सरकारी कंपनी. इथे नुसत्या आचारसंहितेचा प्रश्न नाही, १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागतो. ‘लोकसेवक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलाठी आणि पोलीस येतात. पण राष्ट्रीयीकृत बँकेचा शाखाधिकारी, महावितरणचा अभियंता, महापालिकेच्या रुग्णालयातला खरेदी बघणारा कर्मचारी, सरकारी कंपनीतला परचेस ऑफिसर हे सगळे त्या व्याख्येत बसतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही थेट शिक्षा आहे, सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम ११ वेगळं आहे: ज्याचं काम आपल्यासमोर आहे, त्याच्याकडून लोकसेवकाने फुकटात लाभ घेणं हाच तिथे गुन्हा ठरतो. त्यामुळे ‘बदल्यात काही मागितलं नव्हतं’ हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही.

इथे एक गैरसमज हमखास होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत भेटींच्या मर्यादा आहेत. जवळचे नातेवाईक आणि ज्यांच्याशी कामाचा संबंध नाही असे मित्र यांच्या लग्नकार्यातल्या भेटी वेगळ्या. इतर कुठलीही भेट गट अ आणि ब च्या अधिकाऱ्याने पाच हजारांवरची आणि गट क च्या कर्मचाऱ्याने दोन हजारांवरची असेल तर परवानगीशिवाय घ्यायची नाही. पुरवठादार हे वाचतो आणि म्हणतो, म्हणजे साडेचार हजारांचं नाणं चालतं! तसं नाही. ती मर्यादा कर्मचाऱ्याच्या शिस्तीची आहे. भ्रष्टाचाराच्या कायद्यात ‘इतक्या रुपयांपर्यंत लाच माफ’ असा आकडा कुठेही नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे वेगळे नियम आहेत, पण अर्थ तोच. माझा सल्ला सरळ आहे: टेंडर, बिल किंवा परवाना यांपैकी काहीही बाकी असेल तर सरकारी खुर्चीला शुभेच्छापत्र पाठवावं आणि तिथेच थांबावं.

समोरूनच मागणी आली तर? ‘दिवाळी अजून दिसली नाही’ असं कोणी सुचवलं आणि नाइलाजाने द्यावं लागलं, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला कायदा गुन्हेगार धरत नाही. देण्याआधीच कळवणं अर्थातच चांगलं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

पैसे एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, याचं सर्वांत ठळक उदाहरण डॉक्टरांचं आहे. औषध डॉक्टर लिहितात, पैसे रुग्ण देतो. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेली सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज यांवरचा खर्च प्राप्तिकरात वजावट म्हणून मिळावा, असा दावा ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. डॉक्टरांनी अशा वस्तू घेण्यास मनाई आहे, मग देणाऱ्याला त्यावर कराची सवलत कशी मिळणार, असा तो निकाल.

वहीखाते हाही चांगला आरसा आहे. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. व्यवसायाच्या संबंधातून एका व्यक्तीला वर्षभरात वीस हजारांवर लाभ दिला, तर जुलै २०२२ पासून त्यावर दहा टक्के टीडीएसची तरतूद आहे, म्हणजे घेणाऱ्याचा पॅन लागतो. ज्या भेटीसाठी साहेबांकडे पॅन मागायला जीभ रेटत नाही, ती द्यायची कशाला? बिल ‘मशीन दुरुस्ती’ किंवा ‘स्टाफ वेल्फेअर’मध्ये घाला, असं अकाउंटंटला सांगावं लागत असेल, तर ते काय आहे हे आपल्यालाही ठाऊक असतं.

उरला प्रश्न आधीच चालू असलेली रीत मोडण्याचा. पंप कंपनीला नाणं एकाएकी बंद केलं तर साहेबांना तो अपमान वाटेल, ही भीती खरी आहे. दसऱ्याच्या सुमारास सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पत्र पाठवावं, मालक किंवा परचेस प्रमुखाच्या नावे: यंदापासून आम्ही व्यक्तिगत भेटी देत नाही, मिठाईचा पुडा आपल्या कार्यालयात सर्वांसाठी पाठवत आहोत. पत्र वरपर्यंत गेलं की खालच्या माणसाला मागायला तोंड राहत नाही, आणि जो मनातून संकोचत होता त्याची सुटकाही होते. कोणी नाणं परत पाठवलं तर ते मुकाट्याने घ्यावं, ‘अहो, सणाचं आहे’ म्हणून पुन्हा हातात कोंबू नये. पोहोच लिहून द्यावी आणि वहीत तशी नोंद करावी.