फेरोला खारवतात कसं?

इजिप्तमध्ये लक्झरजवळच्या ‘राजांच्या दरी’त गाइडना थडग्याच्या आत भाषण करायला बंदी आहे. आत जागा अरुंद, हवा कोंदट आणि मागे रांग लागलेली. त्यामुळे जे काही सांगायचं ते बाहेर, चुनखडीच्या तापलेल्या कड्याखाली उभं राहून पाच-सात मिनिटांत. आपल्याकडच्या मंडळींना घेऊन जाणाऱ्या गाइडचं तुतानखामेनच्या दाराशी होणारं भाषण साधारण असं असतं:

“नमस्कार मंडळी. टोप्या घाला, दोन घोट पाणी प्या आणि नीट ऐका, कारण आत मला बोलता येणार नाही. हे थडगं तुतानखामेन या फेरोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं. सव्वातीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना तो वारला. ४ नोव्हेंबर १९२२ ला इंग्रज पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या माणसांना याची पहिली पायरी सापडली. आता, ही आपल्याकडच्यासारखी समाधी नव्हे. समाधीवर लोक दर्शनाला येतात. इथं राजाला ठेवलं की दार कायमचं बंद, कुणी यायचंच नाही. हे त्याचं पलीकडच्या जगातलं घर. म्हणून आत खाटा, रथ, कपडे, द्राक्षाच्या दारूचे घडे, सगळं होतं. माणसाची ‘का’ नावाची प्राणशक्ती मरणानंतरही शरीराच्या आधारानं राहते, तिला अन्नपाणी लागतं, असं ते मानत. शरीर कुजलं तर आधारच गेला. म्हणून शरीर सत्तर दिवस नॅट्रॉन नावाच्या मिठात सुकवायचं आणि मग पट्ट्यांमध्ये गुंडाळायचं. उत्तरेच्या भिंतीवर चित्र बघा: नवा राजा आय मेलेल्या राजाचं ‘तोंड उघडतोय’, म्हणजे त्याला पुन्हा खाता-बोलता यावं म्हणून विधी करतोय. ममी अजून आतच आहे, मुखवटा कैरोजवळ गिझाला. भिंतीला हात नको, फ्लॅश नको. चला.”

एवढ्या वेळात याहून बरं काही सांगता येईल असं मला वाटत नाही. पण यातलं सत्तर दिवसांचं वाक्य ऐकून सगळे माना डोलावतात आणि आत जातात, तिथं मला थांबावंसं वाटतं. मीठ लावून माणूस टिकतो? मग घरच्या मिठानं का नाही? आणि सत्तरच दिवस का?

नॅट्रॉन हे एकच मीठ नाही, ते मिश्रण आहे. त्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, आणि सोबत थोडंफार साधं मीठ आणि सोडियम सल्फेट. कैरो आणि अलेक्झांड्रियाच्या मधे वाळवंटात वादी अल-नत्रून नावाचा सखल भाग आहे. तिथल्या तळ्यांचं पाणी उन्हाळ्यात आटलं की काठावर या खाराचा पापुद्रा उरतो. तो फोडायचा आणि गोण्यांत भरायचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवरातही हाच प्रकार आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, फक्त वाफ होते आणि कार्बोनेटचे क्षार साचत जातात. लोणारचा खारही पूर्वी असाच काढला जाई, साबणासाठी आणि काचेसाठी. त्याची जात नॅट्रॉनचीच.

आता शरीराकडे येऊ. साठ किलोच्या माणसात सुमारे छत्तीस किलो पाणी असतं. मेल्यावर कुजणं दोन बाजूंनी सुरू होतं. पेशींमधले एन्झाइम आता स्वतःच्याच पेशी पचवू लागतात, आणि आतड्यातले जिवाणू, ज्यांना इतके दिवस शरीरानं आवरून धरलेलं असतं, ते मोकाट सुटतात. दोघांनाही पाणी हवं. पाणी काढून घेतलं तर दोघंही थंडावतात. मालवणात बांगडा फाडून, आतडी काढून, मीठ भरून वाळवतात त्यामागचं शास्त्र हेच आहे. माशाच्या आतलं पाणी बाहेरच्या खारट थराकडे ओढलं जातं.

पण बांगडा दोन बोटं जाड, माणूस वीतभर. इथं मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. ऊतींमधलं पाणी बाहेर येतं ते झिरपत, म्हणजे विसरणानं, आणि विसरणाचा एक खाष्ट नियम आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. अंतर तिप्पट तर वेळ नऊपट. समजा धड वीस सेंटिमीटर जाड आहे आणि अख्खंच्या अख्खं नॅट्रॉनमध्ये पुरलं. मध्यभागातल्या पाण्याला पृष्ठभाग गाठायला दहा सेंटिमीटर कापायचे आहेत. आता डाव्या कुशीत छोटा छेद देऊन यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढून घेतली. उरली ती तीन-चार सेंटिमीटर जाडीची भिंत. पोकळीत नॅट्रॉनच्या पिशव्या भरल्या तर ही भिंत आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून सुकते. सगळ्यात लांबच्या पाण्यालाही आता फक्त दोन सेंटिमीटर जायचंय. अंतर पाचपट कमी, म्हणून वेळ पंचवीसपट कमी. जे काम व्हायला महिनेच्या महिने लागले असते आणि त्याआधीच पोट कुजून फुटलं असतं, ते काही दिवसांवर आलं. (आकडे ढोबळ आहेत, शरीर काही एकसंध ठोकळा नाही. पण प्रमाण हेच.) मांड्या आणि नितंब मात्र असे पोकळ करता येत नाहीत, म्हणून ते शेवटी सुकतात आणि एकूण मुदत तेच ठरवतात.

काढलेले अवयव टाकत नसत. तेही सुकवून वेगळे ठेवत. तुतानखामेनचे असे अवयव चार छोट्या सोन्याच्या शवपेट्यांमध्ये होते. हृदय मात्र शरीरातच ठेवायचं, कारण परलोकात न्यायाच्या वेळी त्याचं वजन व्हायचं. मेंदूला कसलीच किंमत नव्हती. नाकातून आकडा घालून तो काढून टाकत.

मग साधं मीठ का नाही? पाणी ओढायला साधं मीठ चांगलंच आहे. अडचण चरबीची. चरबीत पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे मिठाला तिथं काही करता येत नाही, आणि ती पुढे खवट होत राहते. नॅट्रॉन आम्लारी असतं. ते चरबीतल्या मेदाम्लांशी जुळून त्यांचा साबण करतं. म्हणजे नॅट्रॉन सुकवतं आणि धुतंही. शिवाय इतक्या आम्लारी खारात बहुतेक जिवाणूंना जगणं कठीण जातं.

नॅट्रॉन पाण्यात कालवून त्यात शरीर बुडवत, की कोरडंच ढीग करून वर रचत, यावर बराच काळ वाद होता. कार्टरबरोबर काम केलेला रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ल्युकस यानं कबुतरांवर प्रयोग करून कोरड्याच्या बाजूनं कौल दिला. १९९४ मध्ये बॉब ब्रायर आणि रॉन वेड यांनी अमेरिकेत मेरीलँडला देहदान केलेल्या एका माणसाच्या शरीरावर जुन्या पद्धतीनं हा सगळा प्रकार करून पाहिला. वादी अल-नत्रूनमधलाच खार, तोही अडीचशे किलोहून जास्त, गरम कोरडी खोली आणि पस्तीस दिवस. शरीर सुकून ममी झाली. म्हणजे खाराचं काम साधारण पस्तीस-चाळीस दिवसांत होतं. उरलेले दिवस तेलं, राळ आणि पट्ट्यांचे. सत्तर हा आकडा बहुधा आकाशातून आला असावा. व्याधाचा तारा इजिप्तमध्ये वर्षातून सुमारे सत्तर दिवस सूर्याच्या तेजात दिसेनासा होतो आणि मग पहाटे पुन्हा उगवतो.

तुतानखामेनच्या बाबतीत या सगळ्याचा जवळजवळ कचराही हाती लागला आहे. १९०७ मध्ये, म्हणजे थडगं सापडायच्या पंधरा वर्षं आधी, थिओडोर डेव्हिस या श्रीमंत हौशी संशोधकाला दरीत एका खड्ड्यात मोठाले घडे सापडले. आत नॅट्रॉनच्या पिशव्या, कापडाच्या पट्ट्या, फुलांचे हार, हाडं. सोनं नाही म्हणून त्याला त्यात रस वाटला नाही. पुढे इजिप्तचा अभ्यासक हर्बर्ट विनलॉक यानं ओळखलं की हे राजाचं शरीर सुकवताना वापरलेलं साहित्य आणि उत्तरक्रियेच्या जेवणाचं उरलंसुरलं आहे. राजाच्या शरीराला लागलेला खारही फेकायचा नाही, तो पुरायचा.

एवढं करूनही तुतानखामेनची ममी वाईट अवस्थेत आहे, आणि दोष नॅट्रॉनचा नाही. पट्ट्या बांधल्यावर तिच्यावर राळ आणि तेलांचं मिश्रण अक्षरशः बादलीनं ओतलं गेलं. ते घट्ट होऊन काळं झालं आणि ममी सोन्याच्या शवपेटीत चिकटून बसली. कार्टरनं पेटी उन्हात ठेवून पाहिली, तापमान पासष्ट अंशांपर्यंत गेलं, तरी काही सुटेना. शेवटी १९२५ मध्ये डग्लस डेरी आणि सालेह बे हमदी या डॉक्टरांनी पेटीतच शवविच्छेदन केलं, आणि ममीचे तुकडे करून ती बाहेर काढावी लागली. पट्ट्या आणि त्वचा जळल्यासारख्या का, याचं कार्टरनं दिलेलं स्पष्टीकरण असं, की तेलांची हवेशी संथ क्रिया होत राहिली आणि त्या उष्णतेनं सगळं करपलं. तेलाचे बोळे ढिगात टाकले तर आपोआप तापतात, तसलाच हा प्रकार. टिकवण्यासाठी ओतलेलंच बाधलं म्हणायचं.

आता दोन गोष्टी, ज्या गाइडला हमखास विचारल्या जातात. पहिली, थडगं उघडणाऱ्यांना म्हणे बाधणारा शाप. कार्टरच्या खोदकामाला पैसा पुरवणारा लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये डास चावलेल्या जागी जखम चिघळून मेला, तेवढ्यावर शंभर वर्षं धंदा चालला आहे. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापलेल्या अभ्यासात थडगं किंवा ममी उघडताना हजर असलेल्या पंचवीस जणांची नोंद तपासली. ते सरासरी सत्तर वर्षांपर्यंत जगले, आणि शापाचा परिणाम म्हणावा असं काही हाती लागलं नाही. स्वतः कार्टर पुढे सोळा वर्षं जगला. दुसरी, आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी: फेरोंना म्हणे भारतीय मलमलीत गुंडाळत. मलमल कापसाची. ममीच्या पट्ट्यांचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की जवसाच्या जातीच्या झाडाचे, म्हणजे लिननचे दिसतात. कापसाचा धागा चपटा, पिळवटलेला असतो. लिननचा सरळ, बांबूसारखा पेरांचा. फरक लपत नाही. अभिमानच बाळगायचा तर खरा पुरावा आहे: दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात मिरीचे दाणे सापडले, आणि मिरी तेव्हा दक्षिण भारताशिवाय कुठे पिकत नव्हती.

आत गेल्यावर भिंतींवरच्या चित्रांवर तपकिरी ठिपके दिसतील. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या संस्थेनं ते तपासले. ते बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांचे आहेत, पण मेलेल्या. १९२० च्या दशकातल्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं तर ते तेव्हाएवढेच आहेत, वाढलेले नाहीत. बहुधा चित्रं पुरती वाळायच्या आत थडगं बंद केलं आणि ओल आतच कोंडली गेली. राजाचं शरीर कोरडं करायला अडीचशे किलोंच्या हिशेबात खार लागला असेल, आणि त्याच्या खोलीचं प्लॅस्टर वाळायला मात्र वेळ मिळाला नाही. आता ती ओल पर्यटक आणतात, श्वासातून आणि घामातून. म्हणून गेटीनं आत हवा खेळती ठेवणारी नवी यंत्रणा बसवली, आणि ममी २००७ पासून तापमान आणि आर्द्रता कायम राखणाऱ्या काचपेटीत आहे. फक्त चेहरा आणि पावलं उघडी आहेत. बाकीच्या तुकड्यांवर कापड घातलेलं आहे.